मदत हवी आहे: बहिणीच्या पश्चात तिच्या दागिन्यांवर हक्क कोणाचा?

सह्यकडा: नमस्कार. धाकटी बहीण डेंग्यूने गेली. लग्नाला साडेपाच वर्षं झाली होती, मूल नाही, मृत्युपत्र नाही. आम्ही हिंदू, राहणार सातारा. लॉकर तिच्या एकटीच्या नावावर, नॉमिनी नवरा. आत काय आहे ते असं:

पाटल्या आणि राणीहार मिळून ९ तोळे. लग्नात वडिलांनी केले, पावत्या आहेत.
आईचे तोडे, ६ तोळे. आई २०२२ मध्ये गेली, तिचंही मृत्युपत्र नव्हतं. त्यानंतर तोडे बहिणीकडे गेले.
मंगळसूत्र आणि सासूबाईंची बोरमाळ.

जावई म्हणतात कायद्याने सगळं माझं. वडील म्हणतात माहेरचं सोनं माहेरी आलं पाहिजे. खरं काय?

निशिगंध_७: सात वर्षांच्या आत गेली ना? मग सगळं आईवडिलांना परत. हुंडाबंदी कायद्यात स्पष्ट आहे. वकिलाची नोटीस पाठवा, लगेच देतील.

जुनाफेरफार: निशिगंध, तरतूद आहे, पण अर्धीच सांगितलीत. कलम ६ मधली ती अट सात वर्षांच्या आत *अनैसर्गिक* कारणाने मृत्यू झाला तर लागू होते. तेव्हा मूल नसेल तर आईवडिलांना आणि मूल असेल तर मुलाला मिळतं. डेंग्यू नैसर्गिक कारण आहे. उगीच त्या कलमाची नोटीस पाठवली, तर समोरचा वकील पहिल्याच उत्तरात ती निकाली काढेल आणि तुमच्या खऱ्या मुद्द्याचंही वजन जाईल.

सह्यकडा, तुमच्या प्रकरणात १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम १५ बघायचं. वडिलांना आवडणार नाही, पण पाटल्या आणि राणीहार जावयांचे. लग्नात दिलेलं सोनं तिचं स्त्रीधन, पूर्णपणे तिच्या मालकीचं. ती गेल्यावर ते तिच्या वारसांना जातं आणि पहिले वारस मुलं आणि नवरा. मुलं नाहीत म्हणजे एकटा नवरा. आईवडिलांचा नंबर नवऱ्याच्या वारसांच्याही नंतर लागतो. पावती वडिलांच्या नावाची आहे म्हणून काही बदलत नाही. पावतीवरून फक्त सोनं कोणी दिलं ते कळतं.

रानजाई: पण सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय ना की स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नाही? माझ्या नणंदेला घटस्फोटाच्या वेळी सगळं परत मिळालं.

जुनाफेरफार: रानजाई, तुमच्या नणंद हयात आहेत, म्हणून. प्रतिभा राणी (१९८५) पासून कोर्ट सांगतंय ते हेच, की ती *जिवंत असताना* नवरा फक्त सांभाळणारा, मालक नाही. ती गेल्यावर तोच नवरा वारस म्हणून पुढे येतो. हे दोन मुद्दे एकमेकांत मिसळले की धाग्याधाग्यांवर हाणामाऱ्या होतात.

आता तोडे. इथे तुमची बाजू खरंच भक्कम असू शकते. कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात अपवाद आहे: बाईला *आईकडून किंवा वडिलांकडून वारशाने* आलेली वस्तू, मूलबाळ नसेल तर, नवऱ्याकडे न जाता वडिलांच्या वारसांकडे जाते. यात भेट येत नाही, फक्त वारसा. आईने हयातीत हातात घातले असते, तर तेही जावयांचेच झाले असते.

म्हणून एक प्रश्न. २०२२ मध्ये वाटणी झाली होती, की तोडे नुसते वापरायला नेले?

सह्यकडा: कागद नाही. माझ्या बायकोने आईचे गोठ घेतले, बहिणीने तोडे. वडील म्हणाले मला काही नको.

जुनाफेरफार: मग दोन शक्यता. आईच्या पश्चात वारस तिघं: वडील, तुम्ही, बहीण. प्रत्येकी एक तृतीयांश.

वाटणी झालीच नव्हती, नुसते घालायला नेले, असं धरलं तर ६ तोळ्यांपैकी ४ तोळे आजही तुमचे आणि वडिलांचे. उरलेले २ तोळे बहिणीला वारशाने आले, म्हणजे वर सांगितलेल्या अपवादात. जावयांकडे काहीच राहत नाही.

दुसरी शक्यता, गोठ तुमच्याकडे आणि तोडे तिच्याकडे अशी तोंडी वाटणी झाली. तोंडी वाटणी चालते. तुमचे हिस्से अदलाबदलीने फिटले, म्हणून तोडे तिला वारशानेच आले असं मांडता येईल. अडतो तो वडिलांनी सोडलेला हिस्सा. जावई म्हणतील की ही तर वडिलांनी मुलीला दिलेली भेट झाली. यावर कोर्ट काय म्हणेल ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. गोठ किती वजनाचे होते, त्यावर बरंच अवलंबून आहे.

आणि एक गंमत. कायद्याचे शब्द जसेच्या तसे वाचले, तर 'वडिलांचे वारस' ठरवताना वडील जणू त्या दिवशी वारले असं धरायचं असतं. म्हणजे हा हिस्सा वडिलांना नाही, तुम्हाला येतो. आजी हयात असेल तर तिलाही. दावा वडिलांच्या एकट्याच्या नावाने घालू नका, तुम्ही त्यात वादी असलंच पाहिजे.

वेताळटेकडी: नॉमिनी नवरा आहे म्हणजे विषय संपला ना? बँक त्यालाच देणार.

जुनाफेरफार: बँक ताबा देईल, मालकी देत नाही. नॉमिनी इतर हक्कदारांच्या वतीने घेतो. पण एकदा सोनं बाहेर पडून मोडीत गेलं की तोडे होते हेच सिद्ध करावं लागेल. म्हणून घाई इथे करा. बँकेला लेखी कळवा की वाद आहे. पत्राची पोच घ्या. नुसत्या पत्रावर बँक थांबेलच असं नाही, थांबवायला दिवाणी न्यायालयाची मनाई लागते. लॉकर नॉमिनीला देण्याआधी बँक साक्षीदारांसमोर आतल्या वस्तूंची यादी करते. तिची प्रत मागा.

तोळामासा: यादीबद्दल सराफी बाजूने सांगतो. बँकेच्या यादीत 'पिवळ्या धातूचे तोडे २ नग' इतकंच लिहितात, कस नाही, बऱ्याचदा वजनही नाही. दोन्ही घरच्यांच्या समोर सराफाकडे वजन करून त्याच कागदावर सह्या घ्या. बोरमाळेच्या मण्यांत लाख असते, म्हणून ढोबळ वजनावर भांडू नका, निव्वळ सोनं वेगळं लिहा. आईची पावती जुनी असेल तर तोळा ११.६६ ग्रॅमचा धरलाय का ते बघा. आता आपण १० ग्रॅम धरतो. ६ तोळ्यांत १० ग्रॅमचा फरक पडतो आणि मग 'सोनं काढून घेतलं' असे आरोप सुरू होतात.

सह्यकडा: बोरमाळेचं काय? सासूबाई म्हणतात फक्त घालायला दिली होती.

जुनाफेरफार: ते तुमचं भांडणच नाही. भेट असेल तर जावयांची, घालायला दिली असेल तर सासूबाईंची. मायलेकांनी ठरवावं. मंगळसूत्रही जावयांचं.

सह्यकडा: बँकेतले एक साहेब म्हणाले सक्सेशन सर्टिफिकेट आणा.

जुनाफेरफार: ते ठेवी, शेअर, येणं यांच्यासाठी असतं, दागिन्यांसाठी नाही. आपल्याकडे वारस दाखला मिळतो, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली, दिवाणी न्यायालयातून. पण तुमच्या वादात दाखल्याने काम होणार नाही. दाखला वारस कोण ते सांगतो. तोडे भेट होते की वारसा, हे तो ठरवत नाही. त्यासाठी दावा. मुदत ३ वर्षांची धरून चाला, तोडे लेखी मागा आणि नकारही लेखी येऊ द्या.

पोलिसांकडे विश्वासघाताची तक्रार करायची असेल तर करा, पण नवरा वारस आहे म्हटल्यावर ते 'दिवाणी बाब' म्हणून परत पाठवण्याची शक्यता जास्त.

मांडवीकाठ: आमच्याकडे गोव्यात हे असं नाही हां. नवराबायकोची मालमत्ता बहुधा सामाईक धरतात, निम्मी निम्मी. लग्न गोव्यात नोंदवलंय का ते आधी विचारा.

सह्यकडा: लग्न साताऱ्यातच. गोठांची पावती आईच्या कपाटात सापडली, ४८ ग्रॅम. उद्या वकिलांना दाखवतो.

जुनाफेरफार: सोबत आईच्या अंगावर तोडे असलेला लग्नाआधीचा फोटो न्या. आणि २०२२ नंतर बहिणीने ते घातलेला एखादा, तारखेसकट. व्हॉट्सअॅपवर 'आईचे तोडे माझ्याकडे, गोठ वहिनीकडे' अशा अर्थाचं तिने कुठे लिहिलंय का तेही शोधा. असलं, तर वाटणीचा तो सगळ्यात चांगला पुरावा. फोन बदलण्याआधी बॅकअप घ्या.

निशिगंध_७: वडिलांचं पटतं बुवा मला तरी. नऊ तोळे त्यांनी केले आणि गेले जावयाकडे.

जुनाफेरफार: मलाही पटतं. कलम १५ वर टीका काही नवी नाही. पण सह्यकडांचा दावा आजच्या कलमावर चालणार आहे.