मदत हवी आहे: मनिलातल्या सहकारी बाईंना तगालोगमध्ये कॉलची वेळ कशी सुचवू?

पुणेरी_पाटी: मनिलातल्या एका सहकारी बाईंशी गुरुवार, 4 जूनला वीस मिनिटांचा कॉल हवा आहे. त्या वयाने माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठ्या आहेत, हुद्दा मात्र बरोबरीचा. रोजचं काम इंग्रजीतच चालतं, पण त्या माझ्या चॅटवर हौसेने 'नमस्ते' लिहितात, म्हणून या वेळी दोन ओळी तगालोगमध्ये पाठवाव्यात असं मनात आहे. मला पुण्यातले दुपारचे दोन सोयीचे. जुळवाजुळव करून हे लिहिलंय:

```
Kumusta po! Pwede ba kami mag-call bukas alas-kuwatro y medya? Salamat.
```

मेसेज बुधवारी रात्री कामं उरकल्यावर पाठवीन. यात काय चुकलंय?

घड्याळजी: वेळेचं गणित बरोबर आहे. मनिला आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे पुण्यात दोन वाजता तिकडे साडेचार. पण साडेचार कुणाचे, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. बाईंनी ते पुण्याचे धरले तर त्यांच्याकडे संध्याकाळचे सात होतात, आणि नऊ ते सहा ऑफिस असेल तर त्या तोवर घरी निघालेल्या असतील. सरळ `4:30 PM PST` लिहा. फिलिपीन्सच्या प्रमाणवेळेचं अधिकृत लघुरूप तेच आहे. शिवाय 'आलास-क्वात्रो' हे स्पॅनिश झालं, शुद्ध तगालोग हवं तर 'इका-आपात' म्हणतात.

शिकागो_ते_सांगली: तिकडे मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे करतात ना? मग जूनमध्ये अडीचचा फरक साडेतीन होत असेल. आमच्या टीमचा दर वर्षी यात गोंधळ उडतो.

घड्याळजी: तो अमेरिकेचा प्रकार. भारतात आणि फिलिपीन्समध्ये घड्याळं हलवत नाहीत. बारा महिने अडीचच तास.

माबुहाय: घड्याळजींचं गणित बिनचूक आहे, पण त्यांच्या दोन सूचना मी घेणार नाही.

`PST` अधिकृत आहे हे खरं, 2013 च्या कायद्यात तेच नाव आहे. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळही हीच तीन अक्षरं वापरते, आणि ज्या कंपनीत अमेरिकन क्लायंट असतात तिथे डोक्यात आधी तीच येते. आपल्या `IST` ची तीच गत, ती आयर्लंड आणि इस्रायललाही लागू पडते. दोन्ही गावांची नावं लिहिली की प्रश्न मिटतो.

दुसरं, घड्याळाच्या वेळा तगालोगमध्ये बोलताना स्पॅनिश आकड्यांतच सांगतात: आला-ऊना, आलास-दोस, आलास-त्रेस. 'इका-आपात' समारंभाच्या पत्रिकेत किंवा बातम्यांत शोभतं, चॅटवर जड वाटतं. तुमचं 'आलास-क्वात्रो इ मेद्या' बरोबरच आहे, फक्त पुढे 'नांग हापोन', म्हणजे दुपारचे, जोडायला हवं. पण खरं सांगायचं तर चॅटमध्ये तिकडचे लोकही सर्रास आकड्यात `4:30 PM` लिहितात. तेच लिहा. शब्दांत लिहिलेली वेळ वाचणाऱ्याला मनात उलटवून घ्यावी लागते.

आता खरी चूक, जी मराठी माणसाने तरी करू नये. 'कामी' म्हणजे 'आम्ही', समोरच्याला वगळून. 'तायो' म्हणजे 'आपण', समोरच्याला धरून. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, पण आपल्याकडे हा भेद जसाच्या तसा आहे. तुमच्या वाक्याचा अर्थ होतो, 'आम्ही कॉल केला तर चालेल का, तुम्ही सोडून?' बाई हसतील आणि समजूनही घेतील, तरी दुरुस्त करा.

शब्दांचा क्रमही बघा. 'बा' म्हणजे आपला प्रश्नाचा 'का', पण आपला 'का' वाक्याच्या शेवटी जातो, तर 'बा' पहिल्या शब्दाच्या मागोमाग येतो. आदराचा 'पो' असेल तर तो 'बा'च्या आधी. म्हणून 'प्वेदे पो बा तायोंग मॅग-कॉल'. 'तायो'ला शेवटी लागलेला 'ंग' पुढच्या शब्दाला जोडणारा आहे, तो गाळू नका.

दुबईकर_सावंत: आमच्याकडे अर्धं ऑफिस फिलिपिनो आहे. वयाने मोठी बाई असली की 'आते', पुरुष असला की 'कुया'. आपलं ताई-दादाच. 'पो' दर वाक्यात टाका, आदर कमी पडायला नको. आणि 'मामाया' लिहिलं की वेळेची भानगडच नको, सगळ्यांना कळतं.

माबुहाय: 'आते' छान, फक्त त्या स्वतः तुमच्याशी किती मोकळ्या आहेत ते पाहून. कंपनीत 'मॅम' चालत असेल तर मॅमच ठेवा. 'मामाया' मात्र इथे अजिबात चालणार नाही. त्याचा अर्थ 'आजच, थोड्या वेळाने', आणि तो थोडा वेळ दहा मिनिटांचाही असतो, रात्रीपर्यंतचाही. एकाच ऑफिसात बसणाऱ्यांना तो पुरतो, कारण मान वर करून बघता येतं.

'पो'बद्दल म्हणाल तर प्रत्येक वाक्यात तो सक्तीचा नाही, पण वयाने मोठ्या व्यक्तीला लिहिताना दोन-तीनदा आला तर जास्त होत नाही. एक पथ्य पाळा: 'पो' वापरायचा तर सोबत 'का' किंवा 'मो' नको, ती आपली 'तू'ची रूपं. त्यांच्या जागी 'कायो' आणि 'निन्यो', म्हणजे 'तुम्ही'. 'अहो, तू येशील का' म्हटल्यावर जसं कानाला खटकतं तसंच ते खटकतं. 'तायो' वापरल्यावर हा प्रश्नच उरत नाही, म्हणूनही ते इथे सोयीचं.

शब्दवेडी: 'बुकास' कुणीच पाहिलं नाही का? त्याचा अर्थ 'उद्या'. पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजले की मनिलात तारीख बदललेली असते. पाटी बुधवारी रात्री दहाला मेसेज पाठवतील तेव्हा तिकडे गुरुवारचे साडेबारा असतील. बाई गुरुवारी सकाळी तो वाचतील आणि 'उद्या' म्हणजे शुक्रवार धरतील. वार आणि तारीख दोन्ही लिहायला हवं.

तारीखही `4/6` अशी नको. तिकडे अमेरिकेसारखा महिना आधी लिहिण्याची सवय आहे, त्यामुळे ते 6 एप्रिल वाचलं जाईल. महिन्याचं नाव लिहा, 'हुन्यो 4'.

पुणेरी_पाटी: हे रात्री पाठवण्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग आज दुपारीच पाठवते. गुरुवार नाही जमला तर पुढच्या आठवड्यातला शुक्रवार सुचवू का? 'लिंगो' म्हणजे आठवडा ना?

माबुहाय: लिंगो म्हणजे आठवडाही आणि रविवारही. नुसतं 'सा लिंगो' लिहिलंत तर रविवारचा कॉल मागितल्यासारखं होईल. शिवाय पुढच्या आठवड्यातला शुक्रवार म्हणजे 12 जून, त्यांचा स्वातंत्र्यदिन, सुट्टी. दुसरा पर्याय लगेचचा शुक्रवार, 5 जून, त्याच वेळेला द्या. दोनच पर्याय पुरेत, पाच दिले की उत्तर लांबतं.

हा घ्या मेसेज:

```
Hi Ate! Pwede po ba tayong mag-call sa Huwebes, Hunyo 4,
4:30 PM diyan sa Manila (2:00 PM dito sa Pune)?
Mga 20 minuto lang po. Kung hindi po pwede,
okay rin ang Biyernes, Hunyo 5, same time. Salamat po!
```

'दियान' म्हणजे तुमच्याकडे, 'दितो' म्हणजे माझ्याकडे. या दोन शब्दांमुळे कुणाची वेळ कुठली ते डोळ्यांना लगेच दिसतं. 'मांगा 20 मिनुतो' म्हणजे अंदाजे वीस मिनिटं (लिहिताना `mga`, उच्चार मांगा). हाच `mga` चुकूनही साडेचारच्या आधी लावू नका, नाहीतर 'साडेचारच्या सुमारास' होईल आणि पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे चालतात असा अर्थ निघेल. 'कॉल' आणि 'सेम टाइम' इंग्रजीच ठेवलंय, तिकडे अशी सरमिसळच बोलतात. 'कॉल'साठी शुद्ध शब्द शोधलात तर पाठ्यपुस्तकातून उचलल्यासारखं वाटेल.

बरोबरीच्या वयाचं कुणी असेल तर यातले 'पो' काढा आणि 'आते'ऐवजी नाव घाला, बाकी मेसेज तसाच.

कोकणकडा: आमचा फिलिपिनो सहकारी सेबूचा आहे, त्याला हाच पाठवू का?

माबुहाय: त्याला कळेल, तगालोगवरच बेतलेली फिलिपिनो शाळेत शिकवतातच. पण त्याची घरची भाषा बहुतेक बिसाया असेल, त्यामुळे तगालोगमध्ये लिहिण्यातली जवळीक त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. त्याला साधं इंग्रजी बरं. आणि तो रात्रपाळीला असेल तर दुपारचे साडेचार ही त्याची झोपेची वेळ असू शकते. मनिलात काय नि सेबूत काय, पाळी कुठली ते आधी विचारावं.

घड्याळजी: मला विचाराल तर कामाची वेळ परक्या भाषेत ठरवूच नये. नमस्कार तगालोगमध्ये, वेळ इंग्रजीत.

शब्दवेडी: आकडे, वार आणि गावाचं नाव लिहिल्यावर चुकायला उरतं काय? पण एवढं खरं की त्यांनी तगालोगमध्ये लांबलचक उत्तर दिलं तर ते वाचायची तयारी हवी.

पुणेरी_पाटी: पाठवला. उत्तर आलं:

```
Sige, tingnan ko muna ha. Salamat!
```

'सिगे' म्हणजे हो ना? मग गुरुवार पक्का धरू?

माबुहाय: नाही. 'सिगे' हा आपल्या 'बरं'सारखा शब्द. कधी होकार, कधी 'ऐकलं', कधी फोन ठेवतानाचा 'बरं, ठेवते'. पुढचे शब्द बघा: 'आधी बघते हं'. शेवटचा 'हा' जवळजवळ आपला 'हं'च, बोलणं मऊ करणारा. त्यांना कॅलेंडर बघायचंय, वेळ अजून ठरलेली नाही. नुसतं 'सिगे' किंवा 'सिगे, 4:30' आलं असतं तर पक्कं धरलं असतं.

आता पुन्हा विचारू नका. कॅलेंडर इन्व्हाइट पाठवून ठेवा, त्यात टाइम झोन `Asia/Manila` निवडा आणि सुरुवात 4:30 टाका. तुमच्या कॅलेंडरवर तो आपोआप दोनला दिसला पाहिजे. साडेचारलाच दिसला तर झोन बदललेला नाही. त्यांनी इन्व्हाइट स्वीकारलं की झालं.

दुबईकर_सावंत: इन्व्हाइट आधीच पाठवलं तर घाई केल्यासारखं नाही वाटणार? मोठ्या बाई आहेत.

शब्दवेडी: मला तरी वाटेल. उद्या सकाळपर्यंत थांबा, मग पाठवा.

पुणेरी_पाटी: सकाळ कुणाची, तेवढं सांगा.

घड्याळजी: त्यांची. नऊला त्या ऑफिसात येतील तेव्हा तुमच्याकडे साडेसहा वाजलेले असतील, गजर लावा.