रिटचिंगच्या अर्जात 'संमती' लिहिली, म्हणून पोट्टं नापास?

फोटोवाला_दारव्हा (धागा यांचाच)
काल एका पोट्ट्याचा नोकरीचा अर्ज आला. मिक्सिंग-रिटचिंगसाठी. दोन पानं भरून. त्यातलं जसंच्या तसं देतो, 'दिवंगत व्यक्तीला समारंभाच्या फोटोत बसवताना मी चार-पाच संदर्भ फोटो मागतो, घरच्यांची लेखी संमती घेतो, ज्याच्या अंगावर चेहरा बसवायचा त्याचीही घेतो. सोबतचे नमुने फक्त माझ्या घरच्यांचे आहेत.' अरे बावा, मले अल्बमवाला पाहिजे का वकील? सीझनमध्ये दिवसाला चाळीस पानं निघाली पाहिजेत. तुम्ही ठेवलं असतं का असल्याले?

लेयरमास्क
ठेवलं असतं. आणि भाऊ, राग नका मानू, पण तुम्ही अर्ज वाचलाच नाही, नुसता चाळला.

मी सतरा वर्षं हेच करून राह्यलो, म्हणून स्वतःची फजिती सांगतो. आर्णीकडचं एक लग्न होतं. नवरदेवाचे वडील तीन वर्षं आधी गेलेले, आईच्या बाजूला उभे दाखवायचे होते. घरच्यांनी व्हॉट्सॲपवर एकच फोटो पाठवला, पोरानं ट्रॅक्टरवर बसून बापासोबत काढलेली सेल्फी. मी म्हटलं चालते. आता सेल्फी म्हणजे कॅमेरा हातभर अंतरावर, नाक मोठं दिसते, कान मागं लपतात. स्टेजचा फोटो दहा फुटांवरून काढलेला. लेन्सचा दोष नसते हा, अंतराचा असते, आणि लपलेले कान कोणत्याही टूलनं परत येत नाहीत. तरी मी नाक दाबून दाबून बसवलं.

मग उजेड. स्टेजवर छत्रीचा फ्लॅश डावीकडून होता, सेल्फीत ऊन उजवीकडून. सोपा उपाय काय केला, तर चेहरा आडवा उलटवला. नाकाखालची सावली जुळली, मी खूश. फ्रेम घेऊन गेलो तर माउली पाहतच राह्यली, मग म्हणे, "हे ते नाहीत." भांग उजव्या बाजूचा डाव्या बाजूला गेला होता आणि गालावरचा तीळ पण. इतरांना सांगूनही दिसलं नाही, तिला घडीभरात दिसलं.

दुसऱ्यांदा घरी जाऊन बसलो. पेटीतून त्यांच्या भाच्याच्या लग्नातला फोटो निघाला, थोडा लांबून काढलेला, उजेड पण बरोबर बाजूचा. अजून एक निघाला त्यात दोघं नवराबायको शेजारी उभे, तिचा खांदा त्यांच्या छातीच्या खिशाला लागते. उंचीचं माप तिथून घेतलं, नाहीतर मी त्यांना पाव फूट जास्त उंच केलं होतं. तिसऱ्यातून रंग. आधी वरून एक काळा-पांढरा लेयर टाकून उजेड-अंधार जुळवला, मग तो काढून रंग पाहिला. मोबाइलच्या फोटोत काळं पूर्ण काळं नसते, राखाडी असते, तेवढ्यानंच माणूस वरून चिकटवल्यासारखा दिसते. शेवटी चेहऱ्यावर बाकी फोटोइतकेच दाणे टाकले आणि चपलेखाली दोन बोटं गडद सावली. ती नसली की माणूस हवेत तरंगते.

या पोट्ट्यानं 'चार-पाच संदर्भ' लिहिलं ते काऊन लिहिलं, आता समजलं का?

फोटोवाला_दारव्हा
ते फोटोंचं मान्य. मी पण मागतोच. पण संमती? बाप मेलेला, सही कोण करणार, बाप?

मास्तर_निवृत्त
फोटो ज्यानं काढला त्याचाच हक्क असतो. कॉपीराइट. स्टुडिओवाल्यानं काढला तर त्याला कोणालाच विचारायची गरज नाही. विषय संपला.

तालुका_वकील
सर, संपला नाही. 1957 च्या कायद्यातलं कलम 17 वाचा. पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक गिऱ्हाईक. तुम्ही म्हणता ते चौकात स्वतःच्या मनानं काढलेल्या फोटोला लागू, लग्नाच्या ऑर्डरला नाही. म्हणजे स्टुडिओच्या पानावर 'आधी-नंतर' टाकायचं असेल तरी विचारावंच लागते. म्हणून त्या मुलानं नमुने घरचे जोडले. हुशार आहे, मला तर तेच वाक्य सगळ्यात आवडलं.

मास्तर_निवृत्त
बरं. वकिलांपुढे कोण बोलणार.

घरकुलवाला
असे फोटो बनवणारा पाहिजेच आहे. माझ्या घरकुलाचा फोटो तीन वेळा परत आला, भिंत दिसत नाही म्हणतात. हा भिंत बसवून देईल का? रेट सांगा.

लेयरमास्क
दादा, नको. आत जाल. आणि मिक्सिंगवाला तुमच्या आधी.

ताई_हिंगणघाट
संमतीचं एवढं चाललंच आहे तर जित्या माणसाचं बोला ना. माझ्या बायोडाटाचा फोटो काढला, मी सावळी आहे, घरच्या सगळ्याच आहोत. आणायला गेले तर पिठात बुडवून काढल्यासारखी मी. म्हटलं हे कोणी सांगितलं, तर म्हणे "सगळेच करतात ताई, फुकट केलं." पाहायला आलेल्या बाईनं दारातच फोटो आणि मी, दोन्हीकडं दोनदा पाहिलं. आईनं नंतर चहाची कपबशी आपटली ते वेगळं.

फोटोवाला_दारव्हा
ताई, गोरं नाही केलं तर गिऱ्हाईक परत पाठवते. मले शौक नाही.

ताई_हिंगणघाट
गिऱ्हाईक मीच होते. पैसे मीच दिले. मी कुठं म्हटलं होतं?

शूटर_पुसद
खरं दुखणं कोणी बोलत नाही. पानामागं काय मिळते रिटचरला? पोरं रात्रभर डोळे फोडतात. एक चेहरा नीट गोरा न करता नुसता साफ करायला वेळ लागते, स्लायडर ओढायला काहीच नाही लागत. म्हणून सगळ्या नवऱ्या एका रंगाच्या.

ताई_हिंगणघाट
म्हणजे तुमचा रेट कमी म्हणून माझा रंग बदलायचा. वा रे वा.

शूटर_पुसद
असं नाही म्हटलं मी. म्हणजे... म्हटलं थोडं.

फोटोवाला_दारव्हा
माझ्या धाग्यावर येऊन मलाच धुऊन राह्यले सगळे. मूळ प्रश्नावर या. 'ज्याच्या अंगावर चेहरा बसवतो त्याची संमती', हे काय आहे? कोट-टायची पीएसडी प्रत्येक स्टुडिओत पडली आहे, त्या कोटवाल्याले कुठं शोधू?

लेयरमास्क
पासपोर्टच्या कोटाचं सोडा, त्यात गळ्याखालचा कपडाच असते. पूर्ण उभा माणूस लागते तेव्हा आपण काय करतो? धाकट्या भावाले धोतर नेसवून उभं करतो. त्याले सांगितलंच नाही आणि तो उद्या दादाच्या फ्रेममध्ये स्वतःचे हात, स्वतःची अंगठी पाहते. एका घरी काकू त्या फ्रेमकडं पाहायलाच तयार नव्हती, नवरा जिवंत असून त्याच्या अंगाले हार घातला म्हणे.

तालुका_वकील
आणि सहीचं. मेलेल्याची सही नाही, पण जवळच्यांना विचारता येते, आणि तिथंच खरी गोची आहे. माझ्याकडं आलेलं सांगतो, गाव नाही सांगत. पोरानं जातीबाहेर लग्न केलं. बापाचा मरेपर्यंत विरोध, बोलणं बंद. बाप गेल्यावर पोरानं बाप स्टेजवर आशीर्वाद देताना बनवून घेतला, डोक्यावर हात वगैरे. आईनं होकार दिला, रडत. बहीण म्हणे, बाबांनी कधी हात ठेवलाच नाही, हे खोटं आहे. सांगा, आईची सही पुरे का?

लेयरमास्क
मी नसतं केलं. शेजारी उभं केलं असतं, हात नसता ठेवला.

ताई_हिंगणघाट
मी केलं असतं. आई जिवंत आहे, रोज ती फ्रेम तिलाच पाहायची.

शूटर_पुसद
बहिणीलाही पाहायचीच आहे ना.

तालुका_वकील
अजून भिंतीवर लागली नाही. पेटीत आहे.

फोटोवाला_दारव्हा
ठीक. सोमवारी बोलावतो पोट्ट्याले. टेस्ट म्हणून माझ्याच आजोबाचा फोटो देतो, एकच आहे, तोही रेशनकार्डावरचा, शिक्का गालावर. पाहू काय मागते अजून. आणि ते संमतीचे फॉर्म त्यानंच छापावे, माझ्या प्रिंटरची शाई महाग आहे.

लेयरमास्क
एका फोटोवर 'होत नाही' म्हटलं तर ठेवून घ्या.

घरकुलवाला
माझ्या भिंतीचं काय झालं पण?