सातवीच्या भूगोलातलं एक वाक्य आणि खारे वारे

अनघा (रत्नागिरी): मुलगा सातवीत आहे, मराठी माध्यम. गोष्टीची पुस्तकं हळूहळू का होईना, वाचतो. पण विज्ञान किंवा भूगोलाचं पान तीनदा वाचूनही काय वाचलं ते सांगता येत नाही. मी तोंडी समजावलं की लगेच कळतं. पुस्तकांची भाषा सोपी करायला हवी, की मुलांनीच ती भाषा शिकायला हवी?

प्रदीप: भाषाच सोपी करायला हवी, यात वाद कसला? बाष्पोच्छ्वास, अपवर्तन, विकेंद्रीकरण हे शब्द घरात कोण बोलतं? ते काढून रोजचे किंवा इंग्रजी शब्द घाला. आणि वाक्य आठ शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. एवढं केलं तरी निम्मी पोरं वाचायला लागतील.

कुलकर्णी सर: मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, मला हे अजिबात मान्य नाही. 'बाष्पोच्छ्वास' हा शब्द फोडून दाखवा: बाष्प आणि उच्छ्वास. पान वाफ बाहेर टाकतं, हे शब्दच सांगतो. 'ट्रान्स्पिरेशन'मधून मराठी मुलाला काय कळणार? भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांसाठी माणसांनी वर्षानुवर्षं खपून हे शब्द घडवले. पुढे दहावी-बारावीला तीच भाषा येणार आहे. आज सोपं करून दिलं, तर अडचण तीन वर्षं पुढे ढकलली एवढंच.

सुनीता: आम्ही मुलीला याचसाठी सेमी इंग्रजीत घातलं. विज्ञानाचे शब्द एकदाच इंग्रजीत शिकले की झालं. अनघाताई, आठवीत माध्यम बदलता येईल का, ते शाळेत विचारून बघा.

अनघा: सुनीताताई, माध्यम बदलायचा विचार नाही. त्याला मराठीच नीट उमगत नाहीये, इंग्रजीत काय उमगणार?

वैशाली: मी गेली बरीच वर्षं शिक्षकांसोबत वाचनावर काम करते. सर, शब्दाबद्दल तुम्ही म्हणता ते मला पटतं. एका पानावर दोन-तीन नवे शब्द असले आणि ते उलगडून दिले, तर मूल ते पचवतं. मूल अडतं ते वाक्याच्या घडणीत. उदाहरणासाठी हे वाक्य मीच रचलं आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही:

"जमीन व जल यांच्या तापन व शीतलनातील भिन्नतेमुळे किनारी प्रदेशात दिवसा खारे वारे व रात्री मतलई वारे वाहतात."

वाक्य चुकीचं नाही आणि शब्दही वीसच्या आतच आहेत. पण 'तापते' या क्रियापदाचं 'तापन' झालं, 'निवते'चं 'शीतलन' झालं, आणि कोण आधी तापतं हे वाक्यातून निघूनच गेलं. हवा वर जाते, तिथला दाब कमी होतो, म्हणून वारा सुटतो, हे मधले सगळे दुवे एका 'भिन्नतेमुळे'त दडपले आहेत. ज्याला आधीच माहीत आहे तो ते मनात भरून काढतो. ज्याला माहीत नाही, त्याच्या हाती फक्त दोन वाऱ्यांची नावं लागतात.

प्रदीप, आता तुमच्या नियमाने तोडून बघा: "जमीन लवकर तापते. पाणी सावकाश तापते. दिवसा खारे वारे वाहतात." वाक्यं लहान झाली, पण तापण्याचा वाऱ्याशी संबंध काय, हे आता कुठेच नाही. आधी निदान एक 'मुळे' होतं, तेही गेलं. इंग्रजीत शब्द आणि वाक्याची लांबी मोजून पुस्तकं सोपी करायचे प्रयोग पूर्वी खूप झाले, आणि असा तोडलेला मजकूर कधी कधी आणखी अवघड होतो, हे तिथे 1980 च्या सुमारासच लक्षात आलं होतं.

मी असं लिहीन: "दिवसा उन्हाने जमीन लवकर तापते, समुद्राचं पाणी मात्र सावकाश तापतं. जमिनीवरची हवा तापून वर जाते, त्यामुळे तिथे हवेचा दाब कमी होतो. समुद्रावर दाब त्यापेक्षा जास्त असतो, म्हणून तिथली हवा जमिनीकडे येऊ लागते. समुद्रावरून येणाऱ्या या वाऱ्यांना खारे वारे म्हणतात. रात्री जमीन पाण्याच्या आधी निवते, म्हणून वारे उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. ते मतलई वारे." मजकूर जवळपास तिप्पट झाला. नावं दोन्ही राहिली, फक्त गोष्ट कळल्यानंतर आली. अनघाताई, तुमच्याकडे तर शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायच्या. ते एक वाक्य पुढे जोडलं की रत्नागिरीचं मूल हे विसरणार नाही.

कुलकर्णी सर: तुमचा परिच्छेद चांगला आहे, तो मी वर्गात वापरेन. पण सगळं पुस्तक असं तिप्पट केलं तर दप्तर कोण उचलणार? आणि हुशार मुलाला सगळं भरवून दिलं तर तो डोकं कशाला चालवेल?

वैशाली: दुसरा मुद्दा खरा आहे, सर. मॅकनमारा आणि किंच यांचा 1996 चा अभ्यास नेमका हेच सांगतो. विषयाची ओळख नसलेल्यांना दुवे भरलेला मजकूर जास्त समजला. ज्यांना विषय आधीच बऱ्यापैकी ठाऊक होता, त्यांना खोलात जाऊन विचारलं, तेव्हा दुवे गाळलेल्या मजकुराचा उलट फायदा दिसला, कारण ते दुवे त्यांना स्वतः जुळवावे लागले. पण सातवीत खाऱ्या वाऱ्यांचा धडा पहिल्यांदाच वाचणाऱ्या वर्गात अशी मुलं किती असतील? पानांबद्दल म्हणाल तर चार धडे कमी करावे लागतील. ते कोणते, यावर भूगोलवाल्यांचं एकमत होणार नाही, हेही मला माहीत आहे.

प्रदीप: वाक्य तोडण्याचं माझं चुकलं, मान्य. पण अनघाताईंच्या मुलाची अडचण भाषेचीच आहे, हे कशावरून? वाचनच कच्चं असेल तर?

वैशाली: तेच आधी बघायला हवं. अनघाताई, तुम्ही तोंडी समजावता तेव्हा नकळत वाक्यंच बदलता, म्हणून त्यावरून काही ठरत नाही. त्याने अजून न वाचलेला एक परिच्छेद घ्या. तो जसाच्या तसा, एक शब्दही न बदलता, सावकाश मोठ्याने वाचून दाखवा आणि मग "काय झालं ते सांग" म्हणा. ऐकून नीट सांगितलं, तर त्याची सगळी शक्ती अक्षरं जुळवण्यात जाते आहे, आणि त्यावर उपाय रोजचं मोठ्याने वाचन. ऐकूनही सांगता आलं नाही, तर अडचण त्या भाषेत आहे.

संपूर्ण वर्गासाठी विल्सन टेलरची 1953 ची पद्धत आहे. अडीचशे-पावणेतीनशे शब्दांचा उतारा घ्या, पहिलं आणि शेवटचं वाक्य तसंच ठेवा, मधे दर पाचवा शब्द गाळा आणि मुलांना भरायला द्या. पन्नासेक जागा होतात. इंग्रजीतले उत्तीर्णतेचे आकडे मात्र मराठीला लावू नका. आपला एकेक शब्द प्रत्यय घेऊन येतो, 'जमिनीवरून'च्या जागी मूल 'जमिनीकडून' लिहितं आणि अर्थ बरोबर असूनही चूक ठरतं. एकाच उताऱ्याची जुनी आणि नवी मांडणी करून अर्ध्या वर्गाला एक, अर्ध्याला दुसरी द्या आणि फरक बघा.

रमेश (मेळघाट): हे सगळं मराठी घरात बोललं जातं तिथलं झालं. माझ्या वर्गातली मुलं घरी कोरकू बोलतात. ताईंचा सोपा परिच्छेद त्यांना बरा वाटेल, पण 'सावकाश' आणि 'निवते' हेही त्यांच्यासाठी नवेच शब्द. आणि समुद्र कोणी पाहिलेला नाही. मी त्यांना गाविलगडचा डोंगर आणि दरीतला वारा घेऊन शिकवतो. परीक्षेत मात्र खारे वारेच येतात.

वैशाली: रमेश सर, नवी मांडणी करून तुमचं काम भागणार नाही. तुमचा दरीतला वाराही तापण्या-निवण्यानेच दिशा बदलतो, दिवसा उताराने वर चढतो, रात्री खाली उतरतो. तो परिच्छेद कोरकूत सांगून मग मराठीत लिहिला असेल तर इथे टाकाल का?

अनघा: काल रात्री करून पाहिलं. धरणाचा परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखवला. त्याने अर्धा सांगितला, 'जलसिंचन'पाशी अडला, आणि पुढचं वाक्य कशाबद्दल होतं तेच त्याला कळलं नाही. मग म्हणाला, "आई, 'त्यामुळे' म्हणजे कशामुळे, ते लिहिलंच नाहीये." मी पुन्हा वाचलं. खरंच लिहिलेलं नव्हतं.