अनुभव धागा : लग्नपत्रिकेवर फोटोंच्या फोल्डरचा क्यूआर कोड

गोदाकाठ: भाचीच्या पत्रिकेचा नमुना आज छापखान्यातून आला आणि त्यावरचा कोड पाहून धाकट्या दिरांच्या लग्नातील गोंधळ आठवला. त्या पत्रिकेवर ड्राइव्हच्या फोल्डरचा कोड होता आणि त्यांनी दुवा मिळणाऱ्या प्रत्येकाला Editor अधिकार दिलेला होता. पत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला आणि हळदीच्या आधीच अनोळखी खात्यांवरून भलतेच व्हिडिओ फोल्डरमध्ये येऊन पडले. आपण काय ठेवले होते, ते कृपया लिहावे.

पंचवटीकर: पत्रिकेवर कोड म्हणजे आहेर ऑनलाइन मागण्याची सोय, असे समजून आमच्या मामांनी तो आधी पेमेंटच्या ॲपनेच स्कॅन केला होता.

इंदिरानगरची अनघा: आम्ही छापील कोडाच्या फोल्डरला `Anyone with the link` आणि `Viewer` ठेवले. Restricted ठेवल्यास स्कॅन करणाऱ्याला परवानगी मागावी लागते आणि त्या विनंत्यांच्या मेलचा मालकाकडे ढीग साचतो. म्हणून लग्नापर्यंत त्यात "फोटो येथे येतील" असे एकच चित्र ठेवले. ड्राइव्हमध्ये अधिकार बदलले तरी फोल्डरचा दुवा तोच राहतो, त्यामुळे छापलेला कोड वाया जात नाही. गूगल फोटोजच्या अल्बममध्ये मात्र दुवा बंद करून पुन्हा सुरू केला की नवा तयार होतो आणि जुन्या पत्रिका निकामी ठरतात.

फोटो टाकण्यासाठी त्या फोल्डरच्या बाहेर वेगळे फोल्डर करून त्यालाच Editor दिले. त्याचा कोड पत्रिकेवर न छापता गंगापूर रोडच्या लॉन्सवर फक्त जेवणाच्या टेबलांवर ठेवला आणि स्वागतसमारंभानंतर तेथेही Viewer करून टाकले.

नाशिकरोडचा सुहास: फोल्डर आपले, म्हणजे पाहुण्यांचे सगळे फोटो आपल्याच १५ जीबीतून जातात, त्यामुळे आधी जागा विकत घ्यावी.

इंदिरानगरची अनघा: सुहासराव, आपले स्वतःचे फोटो तसे मोजले जातात, पाहुण्यांचे नाहीत. साध्या ड्राइव्हमध्ये फाइल टाकणाऱ्याच्या मालकीची राहते आणि त्याच्याच जागेत मोजली जाते. अडचण निराळी आहे. आमच्या काकूंनी फोन भरला म्हणून आपल्या ड्राइव्हमधील फोटो काढून टाकले आणि ते आमच्या फोल्डरमधूनही नाहीसे झाले. ते त्यांच्या Trash मधून ३० दिवसांच्या आत परत आणता आले, परंतु तेव्हापासून मी प्रत्येकाला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी Make a copy करून घ्यायला सांगते.

सातपूरकर: मरून कागदावर सोनेरी कोड छापला होता, तो ट्यूबलाइटखाली चकाकून एकाही फोनला वाचता येत नव्हता. छापखान्याने नंतर पांढऱ्या चौकटीत काळा करून दिला. सासूबाईंना तो अजूनही पत्रिकेवरचा डाग वाटतो!

गोदाकाठ: अनघाताई, Viewer असला तरी डाउनलोड करता येते ना? मुलींचे फोटो आहेत, म्हणून विचारते.

इंदिरानगरची अनघा: हो. शेअरच्या सेटिंगमध्ये डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करता येते, मात्र स्क्रीनशॉट थांबत नाही. बंद केले की पाहुणे फोटोंसाठी फोन करतात. आमच्या घरात यावर अजून एकमत झालेले नाही.