मदत हवी आहे: ब्राउझरमधल्या रंगांसाठी वाइड गॅमट ठेवू की एसआरजीबी मोड?

नवीन मॉनिटर घेतलाय, पी३ रंगांचा बहुतेक पल्ला दाखवणारा. विंडोज ११, एचडीआर बंद, ब्राउझर फायरफॉक्स. मॉनिटरच्या मूळ मोडमध्ये वेबसाइटवरची लाल बटणं डोळ्यांत खुपतात आणि घरच्या फोटोंत सगळ्यांचे चेहरे उन्हात रापल्यासारखे दिसतात. तेच फोटो फोनवर अगदी नीट दिसतात.

आधी मॉनिटरच्या मेनूतून एसआरजीबी मोड लावला, तर चेहरे उलट फिकट पडले. नंतर लक्षात आलं की विंडोजमध्ये कंपनीचं पी३चं आयसीसी प्रोफाइल तसंच होतं, त्यामुळे रंग दोनदा आवळले जात होते. तिथे एसआरजीबीचं प्रोफाइल लावल्यावर रंग पटले. पण या मोडमध्ये ब्राइटनेस बदलताच येत नाही, आणि रात्री एवढा उजेड सहन होत नाही.

मग परत मूळ मोड, कंपनीचं प्रोफाइल, आणि `about:config` मध्ये हे:

```
gfx.color_management.mode = 1
```

ब्राउझर पुन्हा सुरू केल्यावर बटणं आणि फोटो दोन्ही ताळ्यावर आले. व्हिडिओ मात्र अजून भडकच वाटतात.

कॅलिब्रेशनचं यंत्र नाही, सध्या घेणंही शक्य नाही. छपाईचं काम नाही. वाचन, फोटो, व्हिडिओ एवढाच वापर.

मूळ मोडमध्येच राहून फायरफॉक्समधले व्हिडिओही प्रोफाइलप्रमाणे दाखवता येतात का, की त्यासाठी एसआरजीबी मोडचा अडकलेला ब्राइटनेस स्वीकारावाच लागेल?