लर्निंगच्या परीक्षेत हेल्मेट-बेल्टचंच पारायण का?

गावकरी७७: मुलीची लर्निंगची परीक्षा झाली. पुन्हा तेच, हेल्मेट कुणी घालायचं, बेल्ट कुणी लावायचा, लहान मूल कुठे बसवायचं. शेंबड्या पोरालाही येतील असे प्रश्न. ओल्या रस्त्यावर गाडी घसरली तर काय करायचं हे मात्र कुणी विचारत नाही. परीक्षा आहे की दंडवसुलीची जाहिरात?

स्टेअरिंगवाला: शेंबड्या पोराला येतात म्हणे. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो, दर बॅचला विचारतो की मागे बसलेल्याने बेल्ट लावला नाही तर दंड कुणाला? "मागच्याला" असं ठोकून सांगतात. कलम १९४ बी बघा, पावती चालवणाऱ्याची फाटते. १४ वर्षांखालचं पोरगं मोकळं बसवलं तरी चालवणाऱ्याचीच. आणि घसरलेल्या गाडीचं उत्तर टायर, वेग, एबीएस आहे की नाही यावर बदलतं, चार पर्यायांत ते मांडायचं कसं? स्क्रीनवरच्या परीक्षेला एकच ठाम उत्तर लागतं, आणि ते कायद्यात आयतं मिळतं. म्हणून हे प्रश्न एवढे येतात.

पेठकर: म्हणजे सोपं पडतं म्हणून विचारतात, झालं की! आमच्याकडे पुण्यात तर २०१९ च्या १ जानेवारीपासून हेल्मेटसक्तीचा धडाका लावला होता, काय झालं? गावात गाडी तिशीच्या वर जात नाही, खड्डे बुजवायचे सोडून टोपल्या घाला म्हणे. मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, मंडईत ते डोक्यावरून काढून ठेवायचं कुठे?

रातपाळी: पेठकर, मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. तिशीचं काय घेऊन बसलात, सिग्नलला उभी गाडी कलंडली तरी डोकं साधारण दीड मीटरवरून खाली येतं. तेवढ्यात त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर होतो, मग गाडी कितीही हळू असो. माझा राग परीक्षेवर वेगळाच आहे. "हेल्मेट घालावे का" एवढंच विचारतात, पट्ट्याचं नाही. पेशंटबरोबर आलेले लोक रस्त्यावर घरंगळत गेलेलं हेल्मेट हातात घेऊन येतात, बक्कल उघडंच. पट्टा लावून मागच्या कडेला धरून पुढे ओढून बघा, डोक्यावरून सुटलं तर ते हेल्मेट नाही, टोपीच.

पेठकर: बरं बाई, लावतो पट्टा. मानेचं बिल तुम्हाला पाठवतो.

गावकरी७७: विषय माझ्या धाग्याचा होता, चालला पेठेत.

चिनूची_आई: मला एक सांगा, आमचा चिनू दीड वर्षाचा आहे, कारमध्ये सीटमध्ये बसवलं की रडून गोंधळ घालतो म्हणून मी पुढे मांडीवर घेते आणि बेल्ट दोघांना मिळून लावते. हे चालतं ना? सासूबाई म्हणतात आईच्या हातासारखं सुरक्षित काही नाही.

स्टेअरिंगवाला: ताई, अजिबात नको. चाळिशीच्या वेगात धडक झाली आणि पुढचा भाग चुरडत गाडी ६० सेंटिमीटरमध्ये थांबली असं धरा. तेवढ्या क्षणात १० किलोचं मूल हाताला सरासरी १०० किलोचं लागतं, कुणाच्याही हातून निसटणारच. आणि दोघांत मिळून बेल्ट लावला तर तुमचं वजन त्याच्यावर येऊन बेल्ट त्याच्या पोटात रुततो, शिवाय समोर एअरबॅग. मागच्या सीटवर चाइल्ड सीट घट्ट बसवा. जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवा, इंचभराच्या वर हलली तर ती बसलेलीच नाही.

चिनूची_आई: मग स्कूटरवर पुढे उभं करते तेही नको?

स्टेअरिंगवाला: तेही नको. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालवणाऱ्याला जोडलेला हार्नेस, हेल्मेट आणि ४० ची मर्यादा, हा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे.

पेठकर: हार्नेस लावलेलं एक तरी मूल रस्त्यावर दाखवा! पाळायलाच कुणी नाही त्या नियमावर प्रश्न, वा.

स्टेअरिंगवाला: ते बरोबर आहे, दिसत नाहीत. दुकानदारालाही विचारलं तर शाळेची बॅग काढून दाखवतो.

बीडकर_पोरगा: २०२२ ला पालघरजवळ कारच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, मागे बसले होते, बेल्ट नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळे मागे बेल्ट लावत होते. आमच्या काकांनी नव्या गाडीच्या मागच्या बेल्टची बक्कलं सीटकव्हरखाली कायमची दाबून टाकलीत, परीक्षेत मात्र काकाच पहिले.

गावकरी७७: हेच म्हणतोय मी! उत्तर पाठ आहे, बक्कल सीटकव्हरखाली.

रातपाळी: मग प्रश्न काढून टाकून बक्कल वर येणार आहे का? उलट प्रश्नच बदला, चित्र दाखवा आणि विचारा पट्टा पोटावर हवा की ओटीपोटाच्या हाडावर.

पेठकर: चित्र बघून टिकमार्क करायला काय, आमच्या गल्लीतला सलूनवालाही करेल.

स्टेअरिंगवाला: उद्या माझ्या बॅचला विचारतो, किती जण चुकतात ते इथे टाकतो.

गावकरी७७: टाका, पण गाडी घसरली तर काय करायचं ते अजून कुणी सांगितलं नाही हां.