धागा: ऑफरच्या बोर्डावर मराठीत अटी? वाचतंय कोण!

गल्लेवाला
हेड ऑफिसकडून सणाची ऑफर इंग्रजीत येते, आम्ही मराठीत बोर्ड लावतो. या वेळी अनुवादकाने सात ओळी पाठवल्या. मी त्या बाजूला ठेवून सरळ लिहिलं: "दिवाळी धमाका! ३००० रुपयांवरील खरेदीवर २०% सूट. नवीन स्टॉकमधील साड्या, ड्रेस मटेरियल व लहान मुलांचे कपडे वगळून. ऑफर लक्ष्मीपूजनापर्यंत." बाकीच्या अटी खाली बारीक इंग्रजीत. लोक आकडा बघून आत येतात, अटी बघून नाही. अनुवादकांनी निबंध लिहिणं थांबवावं.

बोरूबहाद्दर
त्या सात ओळी माझ्या नाहीत, पण राग मला आलाय, म्हणून लांबलचक लिहितो.

तुमचं वगळण्याचं वाक्य घ्या. "नवीन स्टॉकमधील" हे कोणाला लागू? फक्त साड्यांना की तिघांनाही? मराठीत असे शब्द यादीच्या तोंडाशी बसले की पुढच्या सगळ्यांवर पसरतात. गिऱ्हाईक म्हणणार, हा फ्रॉक जुन्या स्टॉकमधला आहे, द्या सूट. तुम्ही म्हणणार, मुलांचे कपडे सरसकट वगळलेत. आणि दोघंही त्याच बोर्डाकडे बोट दाखवणार. यावर उपाय फुकटचा आहे. जिला अट चिकटलीय ती वस्तू शेवटी टाका: "लहान मुलांचे कपडे, ड्रेस मटेरियल आणि नवीन स्टॉकमधील साड्या यांवर सूट नाही." वाक्य पूर्ण करा. "वगळून" म्हणून लोंबकळत सोडलं की ते सवलतीतून वगळलं की ३००० च्या हिशेबातून, हेही कळत नाही.

आणि "३००० रुपयांवरील" म्हणजे बरोबर ३००० चं बिल बसतं का? मूळ इंग्रजीत "अँड अबव्ह" असेल तर बसतं. मग "३००० किंवा त्याहून जास्त" लिहा. दोनच शब्द वाढतात, निबंध होत नाही.

गल्लेवाला
आमची गिऱ्हाईकं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. व्याकरण काढून भांडायला कोणी येत नाही.

काउंटरवरची
येतात की. माझी काही वर्षं बिलिंगला गेली, एका मोठ्या दुकानात. अशीच ऑफर होती. एक बाई २२०० ची साडी आणि ९०० चे मुलांचे कपडे घेऊन आल्या, एकूण ३१००. मुलांच्या कपड्यांवर सूट नाही हे त्यांनाही मान्य होतं. प्रश्न असा की ते ९०० तीन हजारांच्या हिशेबात धरायचे की नाही? धरले तर साडीवर ४४० सुटतात. नाही धरले तर २२०० च उरतात आणि सूट शून्य. बोर्डावर काही नव्हतं. मालक गल्ल्यावरून म्हणाले "देऊ नका", बाई म्हणाल्या "दाखवा कुठे लिहिलंय". मागे रांग, आणि शिव्या मला.

बोरूबहाद्दर
हे बहुतेक वेळा मूळ इंग्रजीतच ठरलेलं नसतं. अनुवादकाने तिथे स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही, दुकानाला विचारायचं. मी मजकूर देण्याआधी तीन खोटी बिलं पाठवतो: एक बरोबर ३००० चं, एक वगळलेल्या मालासकटचं, एक शेवटच्या दिवशी रात्रीचं. बिलिंगवाल्याने फक्त बोर्ड वाचून सांगायचं, सूट बसते की नाही. तो अडला तर बोर्ड चुकलाय.

चप्पल_परत_घ्या
मुळात सणाच्या ऑफरमधला माल बदलून का देत नाहीत ते सांगा आधी! माझी चप्पल दुसऱ्या दिवशी उसवली, म्हणे "ऑफरमधला माल बदलून मिळणार नाही".

काउंटरवरची
दादा, तो वेगळा विषय. पण ही अट बोर्डावर होती का?

चप्पल_परत_घ्या
बिलाच्या मागे. इंग्रजीत.

कायदेवाली
गल्लेवाले, हे "खाली बारीक इंग्रजीत" प्रकरण महागात पडेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे: दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत, आणि अक्षरही दाव्याचंच. शिवाय खुलाशाने दाव्यातली महत्त्वाची माहिती लपवायची नाही. वर मराठीत "२०% सूट" आणि अटी मुंगीएवढ्या इंग्रजीत, हे त्यात बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

गल्लेवाला
वा! आता बोर्ड रंगवायलाही वकील लावू.

पंचांगप्रेमी
बाकीचं सोडा. "लक्ष्मीपूजनापर्यंत" मला आवडलं. सणाची ऑफर सणाच्या नावाने असावी. सगळ्यांना माहीत असतं कधी आहे ते.

बोरूबहाद्दर
सगळ्यांना? २०२५ विसरलात? अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी लागली आणि २१ ला संध्याकाळी संपली. आपल्याकडे पूजन २१ ला, उत्तरेत बहुतेकांची दिवाळी २० लाच. हेड ऑफिस तिकडचं आणि इंग्रजी मजकुरात तारीख २० असेल तर तुमचा बोर्ड एक दिवस फुकट वाढवून देतो.

पंचांगप्रेमी
सूर्यास्तानंतरचा प्रदोषकाळ बघायचा असतो. २१ ला अमावास्या संध्याकाळपर्यंतच होती, तरी ती चालते. आपल्या पंचांगकर्त्यांनी विचार करूनच दिली.

उत्तरेचा_जावई
संध्याकाळपर्यंतच म्हणजे सूर्यास्ताच्या आसपासच संपली! २० ला अख्खी संध्याकाळ आणि रात्र मिळत होती. आमच्या सासरी २० लाच पूजा झाली.

पंचांगप्रेमी
सासरचं पंचांग सासरी ठेवा. आपल्याकडे शास्त्र बघूनच दुसरा दिवस धरलाय.

उत्तरेचा_जावई
मग आमचे गुरुजी काय अडाणी?

पंचांगप्रेमी
मी ते म्हणालो नाही. तुम्हीच म्हणालात.

कायदेवाली
तुम्ही दोघं इथे जे करताय ना, नेमकं तेच काउंटरवर होणार आहे. चालू ठेवा.

काउंटरवरची
तारखेचाही घोळ होतो हं. "२१ पर्यंत" म्हटलं की २१ धरून की २० ला संपलं? माझ्या मते धरूनच, सगळे तसंच बोलतात. पण आमचं बिलिंग सॉफ्टवेअर २१ उजाडताच, रात्री बारा वाजता सूट बंद करायचं. सकाळी आलेलं गिऱ्हाईक बोर्डाचा फोटो दाखवायचं.

बोरूबहाद्दर
म्हणून "मंगळवार, २१ ऑक्टोबर २०२५, रात्री दुकान बंद होईपर्यंत" असं पूर्ण लिहायचं. वार घातला की तारीख चुकली तरी लगेच डोळ्यात येते. महिना अक्षरात लिहा. १०/११ असं लिहिलं तर दहा नोव्हेंबर की अकरा ऑक्टोबर, यावरून दुसरा धागा निघेल. सणाचं नाव वर शीर्षकात खुशाल मिरवा. मुदतीच्या ओळीत मात्र फक्त तारीख. पंचांगप्रेमींची क्षमा मागून.

पंचांगप्रेमी
क्षमा नाही. पण तारीख सोबत लिहायला हरकत नाही, एवढंच म्हणतो.

गल्लेवाला
झालं सगळ्यांचं? हा घ्या नवा बोर्ड, तुमच्या समाधानासाठी:
"एका बिलात ३००० रुपये किंवा त्याहून जास्त खरेदी करा, २०% सूट मिळवा. लहान मुलांचे कपडे, ड्रेस मटेरियल आणि नवीन स्टॉकमधील साड्या यांवर सूट नाही."
त्याखाली वारासकट तारीख, दुकान बंद होईपर्यंत. सगळं एकाच अक्षरात. पेंटरने जादा पैसे मागितलेत, ते बोरूबहाद्दरांकडून घ्यावेत काय?

बोरूबहाद्दर
पाठवा बिल. ३००० च्या वर गेलं तर २०% कापून देईन.

काउंटरवरची
सगळं ठीक, पण ते ९०० धरायचे की नाही?

गल्लेवाला
हेड ऑफिसला विचारलं. उत्तर आलं, "ॲज पर टर्म्स अँड कंडिशन्स".